बहिणीचं लग्न, प्राचार्यांना अर्ज आणि 75 टक्क्यांचा हिशोब

एप्रिल लागला की कॉलेजच्या ऑफिसात दोन गोष्टी वाढतात: उकाडा आणि लग्नाचे अर्ज. मी नांदेडकडच्या एका कॉलेजात बरीच वर्षं वर्गशिक्षक होतो, त्यामुळे हे अर्ज प्राचार्यांकडे जायच्या आधी माझ्या टेबलावरून जायचे. बहुतेकांचा मजकूर एकच. ‘माझ्या बहिणीचे लग्न असल्यामुळे मी आठ दिवस कॉलेजला येऊ शकत नाही, तरी मला रजा मिळावी ही नम्र विनंती.’ खाली सही. त्यावर प्राचार्यांचा शेरा पडायचा, ‘नियमानुसार’. पोरगं खूश होऊन गावाकडं जायचं आणि मे महिन्यात कमी हजेरीच्या यादीत स्वतःचं नाव बघून माझ्याकडं पळत यायचं, ‘सर, रजा तर मंजूर होती ना?’

तर ‘नियमानुसार’ या शब्दाचा अर्थ आधी सांगतो. रजा मंजूर झाली म्हणजे तुम्ही न सांगता गायब झाला नाहीत, एवढंच कागदावर आलं. त्या दिवसांच्या तासांना हजेरीपटावर तुमची गैरहजेरीच लागते. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. तुमचं कॉलेज कुठल्याही बाजूला असो, सर्वसाधारण पदवीच्या वर्गांना परीक्षेसाठी साधारण 75 टक्के हजेरीची अट सांगितली जाते. काही व्यावसायिक अभ्यासक्रमांत ती याहून जास्त असते, म्हणून आपल्या माहितीपुस्तिकेतला आकडा आधी बघून घ्या. आजारपण, खेळाच्या स्पर्धा, एनसीसी, रासेयोचं शिबिर यांसाठी सूट मागायला काहीतरी वाट असते. लग्न त्यात बसवणं अवघड. त्यामुळे ‘मला हजेरी द्यावी’ असं अर्जात लिहिलं, की प्राचार्यांच्या हातात नसलेलंच तुम्ही मागता आणि सगळा अर्ज बाजूला पडतो.

त्यांच्या हातात तीन गोष्टी असतात: गैरहजर राहायची परवानगी, बुडणारं प्रात्यक्षिक दुसऱ्या तुकडीबरोबर करू देणं, आणि मधे चाचणी येत असेल तर ती नंतर घ्यायला शिक्षकांना सांगणं. अर्ज या तिन्हींपैकी जेवढं लागतं तेवढ्यासाठीच लिहायचा. हजेरीचा प्रश्न तुम्ही स्वतः हिशोब करून सोडवायचा आणि तो हिशोब अर्जात दाखवायचा.

आधी हजेरीपट, मग कागद

एक उदाहरण घेऊ. मुलगा मुखेड तालुक्यातल्या गावाचा, नांदेडला बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला. सख्ख्या बहिणीचं लग्न बुधवारी, 22 एप्रिलला, गावातच. घरचे म्हणतात, शनिवारी 18 तारखेलाच ये आणि पुढच्या शनिवारपर्यंत थांब. त्यांचंही खोटं नाही. मांडव, पाण्याचे टँकर, आचारी, राहिलेल्या पत्रिका वाटणं हे सगळं अशा वेळी नवरीच्या भावावरच येतं.

मुलाने सोमवारी, 6 एप्रिलला, रसायनशास्त्राच्या सरांकडे जाऊन हजेरीपट पाहिला. शनिवारपर्यंत 44 तास झाले, त्यातल्या 33 तासांना तो हजर, 11 तासांना गैरहजर. म्हणजे बरोबर 75 टक्के. इथं बहुतेक जण घाबरतात आणि अर्जात हजेरीचा विषयच काढत नाहीत, किंवा ‘75 आहेत की’ म्हणून निर्धास्त होतात. दोघंही चुकतात, कारण आजची टक्केवारी तुम्हाला किती दिवस मिळतील हे सांगतच नाही. सत्र संपताना एकूण किती तास झालेले असतील, हे आधी काढावं लागतं.

त्याचं सत्र 9 मेला संपतं. रसायनशास्त्राचे तास सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी. 6 एप्रिल ते 9 मे हे पाच आठवडे, म्हणजे 20 तास. त्यातला मंगळवार 14 एप्रिल आंबेडकर जयंतीच्या सुट्टीत जातो. राहिले 19. आधीचे 44 आणि हे 19 मिळून 63 तास. 63 चे 75 टक्के होतात सव्वासत्तेचाळीस. तास सव्वा नसतो, म्हणून 48 हजेऱ्या लागणार. 63 मधून 48 गेले, उरले 15. म्हणजे सगळ्या सत्रात मिळून 15 गैरहजेऱ्या चालतात. त्यातल्या 11 झाल्यात. शिल्लक 4.

आता घरच्यांनी मागितलेले दिवस मोजू. शनिवार 18, सोमवार 20, मंगळवार 21, गुरुवार 23 आणि शनिवार 25, असे रसायनशास्त्राचे पाच तास बुडतात. गैरहजेऱ्या होतात 16, हजेऱ्या 47, टक्केवारी 74.6. पुढचा एकही तास चुकवला नाही तरी यादीत नाव येणार. तेच सोमवार 20 ते गुरुवार 23 अशी चार दिवसांची रजा घेतली, तर तीनच तास बुडतात. गैरहजेऱ्या 14, हजेऱ्या 49, टक्केवारी 77.8. वर एक तास शिल्लक राहतो, एसटी चुकली किंवा ताप आला तर.

शनिवार 18 चा तास करून दुपारच्या गाडीने निघायचं, शुक्रवारी 24 ला परत हजर व्हायचं. मधला रविवार आपसूक मिळतो. हळद, लग्न आणि लग्नानंतरचा दिवस हे तिन्ही त्यात बसतात. लाजाहोमात बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायला आणि नवरदेवाचा कान पिळायला भाऊ जागेवर लागतो. पत्रिका वाटायला चुलतभाऊ चालतो. घरी हे समजावून सांगायचं काम अर्ज लिहिण्यापेक्षा अवघड आहे, पण ते आधी करा. अर्ज दिल्यावर ‘सर, अजून दोन दिवस वाढवा’ म्हणणाऱ्याचा दुसरा अर्ज कुणी नीट वाचत नाही.

एवढं गणित करायचं नसेल तर तोंडी हिशोब असा: 75 टक्क्यांच्या नियमात एका गैरहजेरीला तीन हजेऱ्या लागतात. 14 गैरहजेऱ्या असतील तर 42 हजेऱ्या हव्यात. आपल्या मुलाकडे आज 33 आहेत, म्हणजे अजून 9 तास करावे लागतील. रजेशिवाय त्याच्याकडे 16 तास आहेत. ही जादाची जागा महत्त्वाची, कारण एप्रिलअखेर सगळे तास होतीलच असं नाही. कधी शिक्षक परीक्षेच्या कामावर जातात, कधी निवडणुकीचं प्रशिक्षण निघतं. एखाद्याच्या हिशोबात उरलेला प्रत्येक तास झालाच पाहिजे अशी वेळ आली, तर समजावं की रजा एक दिवसाने जास्त होतेय.

हा हिशोब प्रत्येक विषयाचा वेगळा करायचा. एकूण सरासरी चांगली असली तरी एखादा विषय अडकवतो. या मुलाचे भौतिकशास्त्र आणि गणित 84 टक्क्यांच्या वर आहेत, तिथं चिंता नाही. रजा किती दिवसांची हे सगळ्यात तंग विषय ठरवतो. आणि हजेरीपट पाहताना रासेयो किंवा खेळाच्या दिवशीच्या गैरहजेऱ्या तशाच राहिल्यात का तेही बघा. त्या कागद दाखवून आत्ताच दुरुस्त होतात. मे महिन्यात पट एकदा ऑफिसला गेला की शिक्षकही हात वर करतात.

प्रात्यक्षिकाचं गणित अधिक नाजूक, कारण तिथं आकडे छोटे. त्याच्या तुकडीचं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल दर गुरुवारी. आतापर्यंत 9 झाली, पुढं 5 आहेत, एकूण 14. 14 चे 75 टक्के साडेदहा, म्हणजे 11 लागणार. तीन चुकली तर चालतात, आणि दोन आधीच चुकलीत. गुरुवार 23 चं तिसरं. नियमात बसतं, पण मग नंतर एक दिवस पोट दुखलं तरी संपलं. शिवाय त्या प्रयोगाचं जर्नल कोरं राहतं. दुसऱ्या तुकडीचं प्रॅक्टिकल शनिवारी असतं. तो शुक्रवारी परत येणारच आहे, म्हणून त्याने 25 तारखेला त्यांच्याबरोबर प्रयोग करू द्यावा असं मागायचं. मात्र हे आधी प्रॅक्टिकल घेणाऱ्या सरांना आणि प्रयोगशाळेतल्या सहायकांना विचारून ठेवायचं. प्राचार्य ते त्यांनाच विचारणार, आणि ‘मला काही माहीत नाही’ असं उत्तर आलं तर अर्ज तिथंच अडतो.

अर्जाचा मजकूर

अर्ज दोन आठवडे आधी, एका पानात, निळ्या किंवा काळ्या शाईने. सुरुवातीला ‘सविनय सादर, आपल्या कृपेने मी सुखरूप आहे’ असली प्रस्तावना नको. विषयाच्या ओळीत तारखा आणि मागणी दोन्ही आल्या पाहिजेत. ऑफिसात आवक रजिस्टरला तीच ओळ उतरवून घेतात आणि नंतर अर्ज शोधायची वेळ आली तर त्याच ओळीवरून सापडतो.

‘सख्खी’ हा शब्द विसरू नका. आपल्याकडं चुलत, मावस, आते, मामे सगळ्या बहिणीच असतात आणि आपण तशाच म्हणतो. त्यामुळे प्राचार्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘सख्खी का चुलत?’ चुलत असेल तर चुलत लिहा. चुलत बहिणीसाठीही एक-दोन दिवस मिळतात, पण सख्खी म्हणून चार घेतले आणि पत्रिकेवर नवरीच्या वडिलांचं नाव वेगळं निघालं, तर पुढच्या खऱ्या कामालाही तुमच्यावर विश्वास राहत नाही.

आपल्या मुलाचा अर्ज असा होईल:

दिनांक : 6 एप्रिल 2026

प्रति,
मा. प्राचार्य,
(महाविद्यालयाचे नाव), नांदेड.

मार्फत : मा. वर्गशिक्षक, बी.एस्सी. द्वितीय वर्ष

अर्जदार : (पूर्ण नाव), बी.एस्सी. द्वितीय वर्ष, चौथे सत्र, हजेरी क्रमांक ___, प्रात्यक्षिक तुकडी अ

विषय : सख्ख्या बहिणीच्या लग्नासाठी दि. 20 ते 23 एप्रिल 2026 अशी चार दिवसांची रजा व एक प्रात्यक्षिक दुसऱ्या तुकडीसोबत करण्याच्या परवानगीबाबत.

महोदय,

माझ्या सख्ख्या बहिणीचे लग्न बुधवार, दि. 22 एप्रिल 2026 रोजी आमच्या गावी (गाव, ता. मुखेड, जि. नांदेड) आहे. त्यासाठी सोमवार, दि. 20 ते गुरुवार, दि. 23 एप्रिल या चार दिवसांची रजा मिळावी. शुक्रवार, दि. 24 एप्रिल रोजी मी महाविद्यालयात हजर होईन.

रसायनशास्त्र विषयात दि. 4 एप्रिलपर्यंत झालेल्या 44 तासांपैकी मी 33 तासांना हजर आहे. ही हजेरी काठावर आहे याची मला जाणीव आहे. सत्रअखेरपर्यंत या विषयाचे आणखी 19 तास होणार असून रजेच्या काळात त्यांपैकी 3 तास बुडतील. उरलेल्या सर्व तासांना हजर राहिल्यास माझी हजेरी 63 पैकी 49, म्हणजे 77 टक्क्यांच्या वर राहते. भौतिकशास्त्र व गणित या विषयांत ती सध्या 84 टक्क्यांच्या वर आहे. रजेच्या दिवसांची हजेरी मिळावी अशी माझी मागणी नाही.

गुरुवार, दि. 23 एप्रिलचे रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक शनिवार, दि. 25 एप्रिल रोजी तुकडी ब सोबत करण्याची परवानगी मिळावी. याबाबत संबंधित शिक्षकांशी मी बोललो आहे.

लग्नपत्रिका व वडिलांचे संमतिपत्र सोबत जोडले आहे.

आपला विद्यार्थी,
(सही)
(पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक)

वडिलांची सही : ___________

या मजकुरातलं सगळ्यात जड वाक्य म्हणजे ‘ही हजेरी काठावर आहे याची मला जाणीव आहे’. मुलांना ते लिहायला नको वाटतं. पण प्राचार्य अर्ज हातात घेताच क्लार्कला सांगतात, ‘याची हजेरी बघा’. तुमचा आकडा तुमच्या तोंडून आधी आलेला असेल तर पटावरचा आकडा त्याला दुजोरा देतो. तुम्ही लपवलेला असेल तर तोच आकडा तुमच्यावर उलटतो. हजेरी आधीच कमी का झाली असं विचारलं, तर खरं कारण एका वाक्यात सांगा. सोयाबीनच्या काढणीला घरी थांबलो, पहिले पंधरा दिवस खोली मिळत नव्हती, असं जे असेल ते. कारण नसेल तर ‘माझी चूक झाली’ म्हणा. याहून जास्त स्पष्टीकरण कुणाला नको असतं.

‘रजेच्या दिवसांची हजेरी मिळावी अशी माझी मागणी नाही’ ही ओळ वाचून एका प्राचार्यांनी माझ्यासमोर मान वर केली होती. ‘हे पोरगं नियम वाचून आलंय’ म्हणाले आणि सही केली.

पत्रिकेचीही एक गंमत सांगतो. कॉलेजात नाव एक आणि पत्रिकेत ‘किलबिल’खाली किंवा निमंत्रकांत घरचं नाव दुसरंच. क्लार्क नाव शोधत बसतो आणि सापडत नाही. पत्रिकेवर स्वतःच्या नावाखाली आणि वडिलांच्या नावाखाली पेनाने रेघ मारा, शेजारी कंसात कॉलेजातलं नाव लिहा. दोन आठवडे आधी पत्रिका छापून आलेली नसते हे सगळ्यांना माहीत असतं. मग ‘पत्रिका दि. अमुकपर्यंत सादर करतो’ असं लिहून वडिलांच्या सहीचा कागद जोडा. आणि ती खरंच नेऊन द्या.

कुणी तरी सल्ला देईल की लग्न कशाला लिहितोस, डॉक्टरचं सर्टिफिकेट आण, आजारपणाची सूट मिळते. माझ्या वर्गात एकाने टायफॉइडचं सर्टिफिकेट दिलं होतं. त्याच आठवड्यात फेटा बांधून वरातीत नाचतानाचं त्याचं स्टेटस अर्ध्या वर्गाने पाहिलं, मीही पाहिलं. सर्टिफिकेट खोटं ठरलं की विषय हजेरीचा राहत नाही, शिस्तीचा होतो.

अर्ज देणं आणि शेरा वाचणं

अर्जाच्या दोन प्रती करा. आधी वर्गशिक्षकांकडे जा आणि ‘शिफारस’ किंवा किमान ‘पाहिले’ लिहून सही घ्या. मग ऑफिसात आवक क्लार्ककडे एक प्रत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिला काय, न दिला काय. शक्य असेल तर प्राचार्यांना स्वतः भेटा, पण तास चालू असताना दारात उभं राहू नका.

दोन-तीन दिवसांनी शेरा बघायला जाणं हे मुलं हमखास विसरतात. ‘मंजूर’ लिहिलं असेल तर प्रश्न नाही. ‘नियमानुसार’ असेल तर रजा मिळाली, हजेरी नाही, आणि तुमच्या अर्जात तुम्ही रजाच मागितली होती. ‘वर्गशिक्षकांनी पाहावे’ असेल तर निर्णय अजून झालेलाच नाही. तो कागद घेऊन पुन्हा वर्गशिक्षकांकडे जायचं. प्रात्यक्षिकाबद्दल शेऱ्यात काही नसेल तर परवानगी मिळाली असं धरू नका. शेरा घेतलेली प्रत प्रॅक्टिकलच्या सरांना दाखवून त्यांच्याकडून ‘25 ला यावे’ एवढं लिहून घ्या. दोन दिवस कमी करून मंजूर झालं, तर त्याच दिवशी घरी फोन करा. लग्नाच्या आदल्या दिवशी नको.

वसतिगृहात राहत असाल तर तिथला अर्ज वेगळा. प्राचार्यांची मंजुरी गृहपालांना आपोआप कळत नाही, आणि रात्रीच्या हजेरीला तुम्ही नसलात की ते घरी फोन लावतात, नेमका हळदीच्या गडबडीत. महाडीबीटीची शिष्यवृत्ती असेल तर तीही हजेरीला बांधलेली असते, म्हणून हा सगळा हिशोब परीक्षेपुरता नाही हे घरच्यांना सांगताना उपयोगी पडतं. वडिलांना टक्क्यांपेक्षा शिष्यवृत्तीची भाषा लवकर समजते, असा माझा अनुभव आहे.

परत आल्यावर

शुक्रवारी सकाळी वर्गशिक्षकांना तोंड दाखवा आणि दोन ओळींचा कागद द्या: ‘दि. 20 ते 23 एप्रिल रजेवर होतो, आज दि. 24 रोजी हजर झालो.’ हा कागद ऑफिसच्या फाइलीत मूळ अर्जाच्या मागे लागतो. काही कारणाने एक दिवस उशीर होणार असेल, तर ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी वर्गशिक्षकांना फोन करा आणि आल्यावर त्या दिवसाचा वेगळा अर्ज द्या. आपल्या मुलाच्या हिशोबात असा एक दिवस बसतो. गाडी चुकून तो शनिवारी दुपारी पोचला, तर रसायनशास्त्राचा चौथा तास जातो, गैरहजेऱ्या 15 होतात, हजेऱ्या 48, टक्केवारी 76.2. पण शनिवारचं प्रॅक्टिकलही जातं, आणि ते मागून घेतलेलं असल्याने सरांना तोंड द्यायचं जास्त अवघड होतं. म्हणून परतीची गाडी गुरुवारी संध्याकाळची बघा, शुक्रवारी पहाटेची नको. लग्नसराईत मुखेडहून सुटणाऱ्या पहाटेच्या एसटीत उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब.

शेवटच्या आठवड्यात, 4 मेच्या सुमारास, पुन्हा एकदा हजेरीपट बघून या. 19 तास धरले होते, प्रत्यक्षात 17 च होणार असं दिसलं तरी घाबरू नका. तेव्हा एकूण 61, त्याचे 75 टक्के पावणेशेहेचाळीस, म्हणजे 46 लागतील. गैरहजेऱ्या 14 असतील तर हजेऱ्या 47 होतात. बसतं. त्याहून कमी तास झाले तर सरांना जादा तास घेण्याबद्दल वर्गातल्या चार जणांनी मिळून विचारा. लग्नाच्या मोसमात काठावर असलेले तुम्ही एकटेच नसता.